हाफ्निअम झिर्कोनिअमएवढाच का? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आवर्तसारणीत खाली गेले की एक कवच वाढते आणि अणू मोठा होतो, असे शिकवले. टायटॅनिअमपेक्षा झिर्कोनिअम मोठा आहे, ते पटते. मग हाफ्निअम झिर्कोनिअमपेक्षा मोठा का नाही? पुस्तकात ‘लँथनाइड आकुंचनामुळे’ एवढेच एका ओळीत दिले आहे.
(बारावीची विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक)

कवच वाढल्यामुळे अणू मोठा होतो, हा नियम हाफ्निअमलाही लागू आहे. मात्र ती वाढ हाफ्निअमपर्यंत पोहोचण्याआधीच पुसली गेलेली असते. हे नेमके कसे घडते ते पाहायचे असेल, तर चौथ्या गणाला लागून असलेला तिसरा गण पाहावा. तेथे आकुंचनाच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकार आपल्याला प्रत्यक्ष मोजलेले मिळतात, आणि मग अंदाजावर विसंबून राहावे लागत नाही.

सहा शेजारी अणूंनी वेढलेल्या, तीन धनप्रभार असलेल्या आयनांच्या त्रिज्या घेऊ. स्कँडिअमची सुमारे ७४.५ पिकोमीटर आहे, त्याखालच्या यट्रिअमची ९० आणि त्याखालच्या लँथॅनमची १०३. म्हणजे यट्रिअमवरून लँथॅनमकडे उतरताना १३ पिकोमीटरची वाढ झाली आणि तुम्हाला शिकवलेला नियम जसाच्या तसा पाळला गेला. आता लँथॅनमपासून आडवे पुढे चला. अणुक्रमांक ५८ पासून ७१ पर्यंत, म्हणजे सेरिअमपासून ल्युटेशिअमपर्यंत, चौदा मूलद्रव्ये लागतात. प्रत्येक पायरीवर केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो आणि, स्थूलमानाने, ४एफ उपकवचात एक इलेक्ट्रॉन वाढतो. या चौदा पायऱ्यांत आयनाची त्रिज्या हळूहळू घटत जाते आणि ल्युटेशिअमला ती ८६ पिकोमीटर उरते. मिळवलेले १३ आणि गमावलेले १७ असा हा हिशेब आहे. ल्युटेशिअम तर वरच्या ओळीतल्या यट्रिअमहूनही किंचित लहान निघतो.

हाफ्निअम म्हणजे ल्युटेशिअमच्या पुढचेच, ७२ क्रमांकाचे मूलद्रव्य. त्यामुळे हे सगळे आकुंचन त्याला वारशाने मिळते. चार धनप्रभार असलेल्या झिर्कोनिअमच्या आयनाची त्रिज्या ७२ पिकोमीटर आहे आणि हाफ्निअमची ७१. मध्ये चौदा मूलद्रव्ये नसती आणि लँथॅनमनंतर लगेच हाफ्निअम आला असता, तर त्याची त्रिज्या ८५ च्या आसपास असती, असे वरच्या १३ पिकोमीटरच्या वाढीवरून म्हणता येते. टायटॅनिअमपासून झिर्कोनिअमपर्यंतच्या वाटेत अशी चौदा मूलद्रव्यांची भर पडलेली नाही. म्हणून तेथे ६०.५ वरून ७२ ही वाढ टिकून राहते.

याच युक्तिवादाची एक पडताळणी तुम्ही स्वतः करू शकता. सीझिअम आणि बेरिअम ही सहाव्याच आवर्तातली, पण लँथनाइडांच्या आधीची मूलद्रव्ये आहेत. स्पष्टीकरण बरोबर असेल, तर त्यांच्यावर आकुंचनाचा परिणाम दिसता कामा नये. स्ट्रॉन्शिअमच्या आयनाची त्रिज्या ११८ पिकोमीटर आणि बेरिअमच्या आयनाची १३५ आहे. तेथे वाढ शाबूत आहे. आकुंचनाचा परिणाम लँथनाइडांच्या उजवीकडेच सुरू होतो.

आकार सारखा असला की रसायनही सारखे का होते, हेही येथेच सांगून टाकतो. या धातूंचे आयन ऑक्सिजनशी किती घट्ट जखडले जातील, पाण्याचे किती रेणू भोवती धरतील आणि स्फटिकात कोणत्या जागेत बसतील, हे प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते : आयनावरचा प्रभार आणि त्याची त्रिज्या. गण एकच असल्यामुळे प्रभार सारखाच असतो. त्रिज्याही सारखी झाली की निसर्गाला या दोन आयनांत निवड करायला फारसे कारण राहत नाही. म्हणूनच झिरकॉन या खनिजात झिर्कोनिअमच्या जागी हाफ्निअम सहज बसलेला सापडतो.

प्रश्न : मी सिन्नरजवळच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन बाहेरच्यांना केंद्रकापासून चांगला आडोसा देतात, असे आम्ही सांगतो. ४एफ इलेक्ट्रॉन तर ५एस आणि ५पी यांच्याही आत असतात. मग त्यांचा आडोसा अपुरा कसा? ‘एफ कक्षकांचा आकार विस्कळीत असतो’ हे उत्तर विद्यार्थ्यांना पटत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

तुमची शंका रास्त आहे. विस्कळीत आकाराचे उत्तर अर्धवट आहे, आणि ते वर्षानुवर्षे तसेच पुढे दिले जाते, याची मला खरोखर खंत वाटते. ४एफ इलेक्ट्रॉनांची सर्वाधिक घनता ५एस आणि ५पी यांच्या मुख्य घनतेच्या आत असते, हे अगदी बरोबर आहे. एखादा इलेक्ट्रॉन पूर्णपणे आणि कायम या ४एफ मेघाच्या बाहेर राहिला असता, तर नव्या ४एफ इलेक्ट्रॉनाने नवा प्रोटॉन त्याच्यापुरता संपूर्ण झाकला असता आणि आकुंचन झालेच नसते.

पण ५एस आणि ५पी इलेक्ट्रॉन कायम बाहेर राहत नाहीत. त्यांच्या तरंगफलनाला त्रिज्येच्या दिशेने अनेक शून्यबिंदू असतात. त्यामुळे त्यांच्या घनतेचे लहान लहान उंचवटे केंद्रकाच्या अगदी जवळपर्यंत पोहोचलेले असतात. ४एफ कक्षकाला असा एकही शून्यबिंदू नाही. त्याची घनता एकाच उंचवट्यात सामावलेली असते, आणि कोनीय संवेग मोठा असल्यामुळे केंद्रकालगतच्या भागात ती जवळजवळ नसतेच. म्हणजे ५पी इलेक्ट्रॉन ज्या काळात केंद्रकाजवळ असतो, त्या काळात ४एफचा प्रभार त्याच्या आणि केंद्रकाच्या मध्ये नसून त्याच्या बाहेरच्या बाजूला असतो, आणि बाहेरच्या प्रभाराचा आडोसा होत नाही. परिणामी प्रत्येक पायरीवर वाढलेल्या एक एकक प्रभारापैकी बराचसा झाकला जातो, पण थोडा उघडा राहतो. तीन प्रभारांच्या लँथनाइड आयनाचा बाहेरचा काठ ५पी इलेक्ट्रॉनच ठरवत असल्यामुळे तो उघडा राहिलेला अंश त्रिज्येत थेट दिसतो. याखेरीज एक ४एफ इलेक्ट्रॉन दुसऱ्या ४एफ इलेक्ट्रॉनाला फारच कमी आडोसा देतो, म्हणून ते उपकवच स्वतःही आत ओढले जाते.

वर्गात आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. लँथनाइड आकुंचन पायरीमागे विशेष तीव्र नाही. लँथॅनमपासून ल्युटेशिअमपर्यंत चौदा पायऱ्यांत १७ पिकोमीटर घटतात, म्हणजे पायरीला सुमारे १.२. आता ३डी उपकवच भरताना काय होते ते पाहा. स्कँडिअमचा तीन प्रभारांचा आयन ७४.५ पिकोमीटरचा आणि त्याच आवर्तातल्या गॅलिअमचा ६२ चा आहे. दहा पायऱ्यांत १२.५, म्हणजे जवळजवळ तोच दर. ‘४एफचा आडोसा सर्वांत निकृष्ट, म्हणून आकुंचन सर्वांत मोठे’ असे फळ्यावर लिहिले, की ही तुलना त्याच्या आड येते. वेगळेपण दरात नसून जागेत आहे. ३डीमधले आकुंचन संक्रामक मूलद्रव्यांच्या ओळीतच, डोळ्यांदेखत घडते. ४एफमधले आकुंचन दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये, सारणीच्या तळाशी वेगळ्या काढून ठेवलेल्या पट्टीत घडते, आणि म्हणून हाफ्निअमपाशी आल्यावर ते अचानक झाल्यासारखे भासते. या आकुंचनाचा काही भाग सापेक्षतेच्या परिणामातूनही येतो. त्याचा विचार शेवटच्या प्रश्नात येईल, कारण तेथे तो टाळताच येत नाही.

प्रश्न : तारापूरच्या अणुभट्टीतल्या इंधनाच्या नळ्या झिर्कोनिअमच्या असतात आणि त्यांतून हाफ्निअम काढून टाकावे लागते, असे वाचले. दोन्ही इतकी सारखी असतील, तर काढायचे कशाला आणि काढायचे कसे?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पंचवटी)

ही दोन मूलद्रव्ये इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत सारखी आहेत. त्यांची केंद्रके मात्र एकमेकांशी काहीही नाते सांगत नाहीत, आणि अणुभट्टीत गाठ पडते ती केंद्रकांशी. मंद न्यूट्रॉन शोषून घेण्याची क्षमता बार्न या एककात मोजतात. झिर्कोनिअमच्या अणूसाठी ती सुमारे ०.१८ बार्न आहे आणि हाफ्निअमसाठी सुमारे १०४ बार्न. इंधनाच्या नळीने न्यूट्रॉन गिळू नयेत म्हणून तर झिर्कोनिअम निवडलेले असते.

आता हिशेब करू. झिरकॉन वाळूतून काढलेल्या धातूत वजनाने २ टक्के हाफ्निअम आहे असे धरा. निसर्गातले प्रमाण साधारण याच पातळीवर असते. हाफ्निअमचा अणुभार १७८.५ आणि झिर्कोनिअमचा ९१.२ असल्यामुळे अणूंच्या संख्येत हे प्रमाण १ टक्क्याच्या जवळ येते. तेवढ्या हाफ्निअमचा वाटा साधारण १.१ बार्न होतो, आणि झिर्कोनिअमचा स्वतःचा वाटा ०.१८ च. म्हणजे शंभरात एका परक्या अणूमुळे धातूचे न्यूट्रॉनशोषण सुमारे सातपट होते, आणि झिर्कोनिअम वापरण्याचे कारणच संपते. अणुभट्टीच्या दर्जाच्या झिर्कोनिअममध्ये दशलक्ष भागांत १०० पेक्षा कमी भाग हाफ्निअम असावे, अशी मर्यादा पाळतात. तेवढ्या हाफ्निअमची भर याच पद्धतीने मोजली, तर ती ०.००५ बार्न, म्हणजे मूळ शोषणाच्या सुमारे ३ टक्के निघते. ही मर्यादा कोठून आली असावी, हे त्यावरून लक्षात येईल.

वेगळे करण्याचा जुना मार्ग म्हणजे दुहेरी फ्लोराइड क्षारांचे पुनःपुन्हा स्फटिकीकरण. विद्राव्यतेतला किरकोळ फरक शेकडो वेळा वापरून साठवत न्यायचा. आज हे काम द्रावकांनी होते. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये नायट्रिक आम्लातले द्रावण केरोसिनसारख्या तेलात मिसळलेल्या ट्रायब्युटिल फॉस्फेटबरोबर घुसळतात. झिर्कोनिअमचा नायट्रेट तेलाच्या थरात जाणे जास्त पसंत करतो आणि हाफ्निअम मुख्यतः पाण्याच्या थरात मागे राहतो. अमेरिकेत रुळलेल्या पद्धतीत थायोसायनेट आणि मिथिल आयसोब्युटिल कीटोन वापरतात, आणि तेथे उलटे होऊन हाफ्निअम तेलाच्या थरात जातो. द्रावक बदलला की पसंती उलटते. यावरून हे कळते की येथे आकाराचा फरक कामाला येत नसून, आयनाभोवती बांधल्या जाणाऱ्या रेणूंशी असलेल्या बंधातला अतिशय बारीक फरक कामाला येतो. एका घुसळणीत हाफ्निअमचे प्रमाण समजा एक पंचमांश झाले, तर २ टक्क्यांवरून दशलक्षात १०० भागांवर येण्यासाठी प्रमाण दोनशेपट घटावे लागेल. तीन घुसळणींत ते १२५ पट घटते आणि चारांत ६२५ पट. प्रत्यक्ष कारखान्यात दोन्ही थर एकमेकांच्या विरुद्ध दिशेने अनेक टप्प्यांतून वाहते ठेवतात, कारण धातू शुद्ध व्हायला हवाच, पण मधल्या टप्प्यांत झिर्कोनिअम वायाही जाता कामा नये.

हाफ्निअम शिल्लक आहे की नाही हे ओळखायचे कसे, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. रासायनिक कसोटी येथे उपयोगी नाही, कारण झिर्कोनिअमसाठीचा जो अभिकारक अवक्षेप देतो, तोच हाफ्निअमसाठीही देतो. घनतेवरूनही सहजी कळत नाही. शुद्ध झिर्कोनिअमची घनता ६.५१ आणि हाफ्निअमची १३.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे, पण २ टक्के भेसळीने ती जेमतेम ६.५८ होते. फरक उघड होतो तो क्ष-किरणांच्या वर्णपटात. तेथे प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा त्याच्या अणुक्रमांकाने ठरतात, आणि ४० व ७२ यांची गल्लत होणे शक्य नसते.

हाफ्निअमचा शोधही नेमका असाच लागला. झिर्कोनिअम १७८९ मध्ये क्लापरोट यांनी ओळखले होते. त्यानंतर शतकाहून अधिक काळ रसायनशास्त्रज्ञांनी हाताळलेल्या झिर्कोनिअममध्ये हाफ्निअम मिसळलेले होते आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही. ७२ क्रमांकाचे मूलद्रव्य लँथनाइडांपैकी असेल की झिर्कोनिअमसारखे असेल, यावर वाद होता. इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवरून नील्स बोर यांनी ते झिर्कोनिअमसारखे असले पाहिजे असे मांडले. तेव्हा डिर्क कोस्टर आणि ग्यॉर्ग हेवेशी यांनी कोपनहेगनमध्ये झिर्कोनिअमच्याच खनिजांत क्ष-किरणांनी त्याचा माग काढला, आणि १९२३ मध्ये शोध जाहीर केला. आता मागे वळून पाहिले तर जुन्या नमुन्यांचा अणुभार ही एक खूण होती. वरच्यासारखा २ टक्के हाफ्निअम असलेला ‘झिर्कोनिअम’ तोलला, तर अणुभार ९१.२ ऐवजी ९२.१ च्या जवळ भरतो.

प्रश्न : सातपूरला आमचे टूलरूम आहे. टी-वन हायस्पीड स्टीलमध्ये १८ टक्के टंगस्टन असते. एम-टूमध्ये टंगस्टन ६ आणि मॉलिब्डेनम ५ टक्केच, तरी कटरचे काम तसेच होते. निम्म्या मॉलिब्डेनममध्ये भागते कसे?

एका मॉलिब्डेनम अणूची जागा आणि एका टंगस्टन अणूची जागा जवळजवळ सारखीच आहे. दोघांची धातूतली त्रिज्या १३९ पिकोमीटर आहे. त्यामुळे लोह आणि कार्बनबरोबर होणाऱ्या ज्या कठीण कार्बाइडवर कटरची धार टिकते, त्या कार्बाइडच्या जाळीत एकाच्या जागी दुसरा बसू शकतो. पण टंगस्टनचा अणू १८४ वजनाचा आणि मॉलिब्डेनमचा ९६ चा. आपण स्टील विकत घेताना टक्के वजनाने मोजतो, आणि कार्बाइड मात्र अणू मोजते. म्हणून १ टक्का मॉलिब्डेनम साधारण २ टक्के टंगस्टनचे काम करते, असा ठोकताळा धातुशास्त्रात वापरतात. त्या हिशेबाने एम-टूचे ६ अधिक ५ दुणे १०, म्हणजे १६ होतात, जे १८ पासून फार दूर नाही. राहिलेली कसर एम-टूमधल्या जास्त व्हॅनेडिअमने भरून निघते.

साम्याची मर्यादाही तुमच्या भट्टीतच दिसते. मॉलिब्डेनमचे ऑक्साइड टंगस्टनच्या ऑक्साइडपेक्षा कितीतरी सहज उडून जाते, आणि मॉलिब्डेनमचे स्टील पृष्ठभागावरचा कार्बनही लवकर गमावते. एम-टू टी-वनच्या तापमानाला तापवले तर कण मोठे होतात, म्हणून त्याचे हार्डनिंग थोड्या कमी तापमानाला आणि भट्टीतल्या वातावरणावर जास्त लक्ष ठेवून करावे लागते. कटरची वरची कातडी मऊ लागली आणि थोडे ग्राइंडिंग केल्यावर आत कठीण माल लागला, तर दोष स्टीलचा नसून कार्बन उडाल्याचा आहे, असे समजावे.

प्रश्न : सराफ बाजारात आमची तीन पिढ्यांची पेढी आहे. चांदी दुसऱ्या ओळीत आणि सोने तिसऱ्या ओळीत, एकाच गणात. मग तुमच्या नियमाने ती सारखी असायला हवीत. पण तेजाबात चांदी विरघळते आणि सोने तसेच राहते. हे कसे?

आकाराच्या बाबतीत नियम तुमच्या पेढीवरही तंतोतंत पाळला जातो. धातूच्या स्फटिकात अणूंच्या मांडणीचे जे एकक असते, त्याची बाजू चांदीत ४०८.६ पिकोमीटर आणि सोन्यात ४०७.८ आहे. तांब्याची, म्हणजे त्याच गणातल्या पहिल्या ओळीची, ३६१.५ आहे. चांदी आणि सोने कोणत्याही प्रमाणात एकत्र वितळवा, थंड झाल्यावर ती एकाच जाळीत एकजीव राहतात. त्यांचे थर किंवा कण वेगळे पडत नाहीत, याचे मोठे कारण हा सारखा आकार आहे.

तेजाबातला फरक दुसऱ्या कारणाने पडतो. केंद्रकाचा प्रभार ७९ इतका मोठा झाला की आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या तुलनेत नगण्य राहत नाही, आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे परिणाम रसायनात उतरतात. सोन्याचा सर्वांत बाहेरचा ६एस इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळही जाऊन येत असल्यामुळे तो जास्त घट्ट धरला जातो. उलट ५डी इलेक्ट्रॉन काहीसे सैल होतात. ५डी आणि ६एस यांच्या ऊर्जेतले अंतर त्यामुळे इतके कमी होते की सोने निळा प्रकाश शोषते आणि पिवळे दिसते. चांदीत ते अंतर मोठे असल्यामुळे तिचा रंग पांढराच राहतो.

पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा पाहिली, की लँथनाइड आकुंचनाने आणलेले साम्य कोठे टिकते आणि कोठे विरते ते कळते. झिर्कोनिअमसाठी ती मोलला ६४० किलोज्यूल आणि हाफ्निअमसाठी ६५९ आहे, म्हणजे फरक ३ टक्के. चांदीसाठी ती ७३१ आणि सोन्यासाठी ८९० आहे, म्हणजे फरक २० टक्क्यांहून जास्त. आवर्तसारणीत डावीकडे, चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या गणात, धातू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन देऊन मोठ्या प्रभाराचे आयन बनवतात, आणि तेथे आकार व प्रभार मिळून रसायन ठरवतात. उजवीकडे जाताना इलेक्ट्रॉन किती घट्ट धरला आहे याला जास्त महत्त्व येते, आणि आकार सारखा असूनही वागणे वेगळे होते.

सोने गाळताना मात्र ही दोन्ही कारणे एकदमच समोर येतात. सोन्याचा वाटा जास्त असलेला तुकडा तेजाबात टाकला, तर वरवरची चांदी विरघळते आणि आतली तशीच राहते. सारख्या आकारामुळे चांदीचे अणू जाळीत सोन्याच्या अणूंच्या मध्ये विखुरलेले असतात, आणि न विरघळणारे सोने त्यांच्यापर्यंत आम्ल पोहोचू देत नाही. म्हणून गाळणारे कारागीर आधी त्यात आणखी चांदी वितळवून सोन्याचा वाटा एक चतुर्थांशाच्या आसपास आणतात, पातळ पत्रा करतात, आणि मग तेजाब देतात. चांदी निघून गेल्यावर तपकिरी, सच्छिद्र सोने मागे राहते, आणि ते पुन्हा आटवले की पिवळे होते.